टेनिसचा स्कोअर घड्याळातून आलेला नाही

मुलांच्या टेनिस कोचिंगच्या पालकांच्या ग्रुपवर, दादर-माटुंग्यापासून बोरिवलीपर्यंत फिरत असलेला मेसेज असा:

«माहीत आहे का? टेनिसचा स्कोअर घड्याळावरून आला! पॉइंट जिंकला की काटा १५, मग ३०, मग ४५ वर न्यायचे. पण ड्यूसनंतर दोन पॉइंट लागतात, म्हणून ४५ चे ४० केले. मग अ‍ॅडव्हान्टेजला ५० आणि गेम जिंकला की ६०. लव्ह म्हणजे फ्रेंचमधलं अंडं, कारण शून्य अंड्यासारखं दिसतं. टायब्रेक टीव्हीवाल्यांनी आणला. त्यात एकेक सर्व्हिस आलटूनपालटून करायची, जो आधी ७ करेल तो जिंकला!»

घड्याळापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात पटकन पटणारी गोष्ट तीच आहे. अडचण काळाची आहे. १५, ३०, ४५ ही मोजणी लॉन टेनिसची नाहीच. फ्रान्समध्ये तळहाताने आणि पुढे रॅकेटने चेंडू मारायचा पोम नावाचा खेळ होता, त्यातून ती आली. ऑर्लेआंचा ड्यूक शार्ल १४१५ मध्ये अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईत पकडला गेला आणि पंचवीस वर्षं इंग्लंडमध्ये कैदेत राहिला. तो कवी होता. वयाबरोबर पोम खेळता खेळता आपले पंचेचाळीस झाले, असं त्याच्या एका कवितेत आहे. त्याचा जन्म १३९४ चा, म्हणजे कविता १४३९ च्या सुमाराची. वाचणाऱ्याला पंचेचाळीसचा खेळातला अर्थ आधीच ठाऊक असणार, नाहीतर ती ओळ कळलीच नसती. त्या काळी घड्याळं तास दाखवायची. मिनिटकाटा रुळला तो १६५६ मध्ये लंबकाचं घड्याळ आल्यानंतर, म्हणजे दोनशेहून जास्त वर्षांनी. पाव-अर्धा-पाऊण तासावर काटा सरकवायला काटाच नव्हता.

मग पंधराच का? हा प्रश्न १५७९ मध्येही लोकांना पडला होता. फ्रान्सच्या राजाचा ग्रंथपाल जाँ गोसलँ याने त्यावर पुस्तिका लिहिली आणि उत्तर म्हणून वर्तुळाच्या सहाव्या भागाचे ६० अंश वगैरे अंदाज मांडले. त्याच्या काळातच मूळ कारण विस्मरणात गेलं होतं. साठाचे चार भाग करून मोजायची सवय होती, इतकंच खात्रीने म्हणता येतं.

४५ चे ४० होण्यामागे कसलंही गणित नाही. बोलताना ‘पंचेचाळीस’ लांब पडतं, म्हणून वरचे पाच गळून बहुधा ‘चाळीस’ उरलं. अ‍ॅडव्हान्टेजला ५० म्हणायची पद्धत कधीच नव्हती. ड्यूसनंतर, म्हणजे ४०-४० झाल्यावर, आकडे थांबतात आणि कोण पुढे आहे एवढंच पुकारलं जातं.

अंड्याचं थोडक्यात. फ्रेंच खेळाडू शून्याला ‘झेरो’ म्हणतात आणि स्कोअरसाठी अंडं हा शब्द जुन्या फ्रेंच लिखाणात सापडत नाही. उलट इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात पत्त्यांच्या व्हिस्टमध्ये शून्याला लव्ह म्हणत होते. पैसे न लावता, नुसत्या हौसेसाठी खेळणं म्हणजे ‘फॉर लव्ह’ खेळणं. हातात काही नाही, हा अर्थ तिथून येणं जास्त पटतं.

मला खरी खंत आहे ती ड्यूसची. मेसेजमध्ये तो आकडे जुळवायची सबब म्हणून येतो, पण या सगळ्या मोजणीचा कणा तोच आहे. शब्द फ्रेंच ‘आ दू’वरून आला: बरोबरी झाली, आता दोन हवेत. दोन सलग पॉइंट मागितल्याने काय होतं ते बघा. समजा सर्व्हिस करणारी मुलगी शंभरातले साठ पॉइंट जिंकते. ड्यूसवर एकाच पॉइंटने निकाल लावला, तर तिची गेम जिंकण्याची शक्यता ६० टक्के. दोनच्या आघाडीची अट ठेवली, तर ती ६९ टक्क्यांच्या आसपास जाते. नेटला लागून पलीकडे पडलेल्या एका चेंडूवर गेम जात नाही, जी चांगलं खेळतेय तिला ते दुसऱ्यांदा दाखवावं लागतं.

हीच अट सेटलाही होती: सहा गेम आणि दोनची आघाडी. दोघांची सर्व्हिस जोरदार असली की सेट संपायचाच नाही. १९६९ मध्ये विम्बल्डनला पांचो गोन्झालेस आणि चार्ली पासारेल यांचा पहिला सेट २२-२४ असा गेला आणि सामना ११२ गेमचा झाला. टायब्रेकचा, म्हणजे बरोबरीत अडकलेला सेट ठराविक पॉइंटांत संपवण्याचा, ध्यास मात्र त्याआधीपासून अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या जिमी व्हॅन अ‍ॅलनने घेतला होता. स्पर्धा भरवणारा माणूस, लांबणाऱ्या सामन्यांनी वेळापत्रक कोलमडताना त्याने पाहिलं होतं. यूएस ओपनने १९७० मध्ये त्याचा नऊ पॉइंटचा टायब्रेक घेतला. त्यात ४-४ झालं की पुढचा एकच पॉइंट, विषय संपला. खेळाडूंना ते जाचक वाटलं. पुढे टिकला तो दोनच्या आघाडीचा टायब्रेक. विम्बल्डनने तो १९७१ मध्ये ८-८ वर आणि १९७९ पासून ६-६ वर लावला. टीव्हीला तो सोयीचा ठरला हे खरं, पण जन्म तिथे झाला नाही.

आता तो खेळायचा कसा, कारण ज्युनियर स्पर्धांच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत मुलं स्वतःच स्कोअर पुकारतात आणि भांडणं इथेच होतात. ‘अ’ने सेटची पहिली गेम सर्व्ह केली होती. ६-६ म्हणजे बारा गेम झाल्या, पाळी पुन्हा ‘अ’ची. ती उजवीकडून एकच सर्व्हिस करते. मग ‘ब’ दोन, मग ‘अ’ दोन, असं चालतं. प्रत्येक जोडीतली पहिली सर्व्हिस डावीकडून, दुसरी उजवीकडून. दर सहा पॉइंटांनी बाजू बदलायची.

गोंधळ होतो तो बाजू बदलताना. ३-३ झालं, दोघी पलीकडे गेल्या, आणि ‘अ’ चेंडू हातात घेऊन उभी राहते. चूक. सहावा पॉइंट ‘ब’च्या जोडीतला पहिला होता, त्यामुळे बाजू बदलल्यावर दुसरी सर्व्हिसही ‘ब’चीच, उजवीकडून. शंका आली तर दोघींच्या पॉइंटांची बेरीज करा: सम आली तर सर्व्हिस उजवीकडून, विषम आली तर डावीकडून. बेरजेला चारने भागून शून्य किंवा तीन उरले तर पाळी ‘अ’ची, एक किंवा दोन उरले तर ‘ब’ची.

पुढे समजा ६-६ झालं. बारा पॉइंट, पुन्हा बाजू बदलली, सर्व्हिस ‘अ’ची, तिने पॉइंट घेतला. ७-६. मेसेज वाचून आलेली मुलगी इथे हात मिळवायला नेटकडे निघेल. पण आघाडी एकाचीच आहे. आता ‘ब’ सर्व्ह करते, डावीकडून. तो पॉइंटही ‘अ’ने घेतला, ८-६, तेव्हा सेट संपला. कागदावर ७-६ लिहून कंसात हरणारीचे पॉइंट लिहितात, इथे ६. दुसरा सेट ‘ब’ सर्व्ह करून सुरू करते, टायब्रेक कोणीही जिंकलेला असो.

निर्णायक सेटचा नियम वेगळा आहे. २०१० मध्ये इस्नर आणि माहू यांचा पाचवा सेट ७०-६८ पर्यंत गेला, सामना तीन दिवस चालला, कारण विम्बल्डनच्या शेवटच्या सेटला टायब्रेक नव्हता. २०२२ पासून चारही ग्रँड स्लॅममध्ये शेवटच्या सेटला ६-६ वर दहा पॉइंटचा टायब्रेक असतो, त्यातही दोनची आघाडी लागतेच. मुलांच्या स्पर्धेत पूर्ण तिसऱ्या सेटऐवजी दहाचा टायब्रेक खेळवतात का, ड्यूसवर नो-अ‍ॅड, म्हणजे एकाच पॉइंटने निकाल, आहे का, हे त्या त्या स्पर्धेच्या पत्रकात दिलेलं असतं. सामन्याआधी रेफ्रीला विचारून घ्या.