गोळी तेवढीच, मग लिथियम वाढतं कसं?

«लिथियमचा डोस बदलला नाही आणि मागचा रिपोर्ट नॉर्मल असेल, तर घाबरू नका. दोन दिवस जुलाब झाले किंवा अंगदुखीला आयबुप्रोफेन घेतली म्हणून पातळी वाढत नसते. पाणी भरपूर प्या, बस्स.»

बायपोलर आजारावर दिल्या जाणाऱ्या लिथियमबद्दलचा हा सल्ला चुकीचा आहे. आधी डोसचं बघू. लिथियम यकृतात मोडत नाही. ते जवळजवळ सगळं किडनीतूनच बाहेर पडतं, म्हणून गोळी तीच राहिली तरी किडनीचं काम मंदावलं की रक्तात ते साचू लागतं. मागचा रिपोर्ट फक्त त्या दिवसाची किडनी सांगतो.

जुलाबाचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. किडनीला सोडियम आणि लिथियम यांत फारसा फरक कळत नाही. जुलाब-उलट्यांत पाणी आणि मीठ दोन्ही जातं, तेव्हा शरीर सोडियम वाचवायला धडपडतं आणि त्याच्याबरोबर लिथियमही परत रक्तात ओढलं जातं. म्हणूनच नुसतं पाणी पुरत नाही, गेलेलं मीठही भरून यावं लागतं. त्यात लिथियममुळे कित्येकांना मुळातच लघवी जास्त होते, म्हणजे पाणी कमी पडायला वेळ लागत नाही.

आता पेनकिलर. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन्स कमी करतात. शरीरात पाणी कमी असताना किडनीचा रक्तपुरवठा टिकवून धरण्यात याच द्रव्यांचा मोठा हात असतो. म्हणजे गरज असते नेमक्या त्याच वेळी तो आधार काढून घेतला जातो.

समजा, एका बाईंची पातळी कित्येक महिने 0.8 मिलिमोल प्रति लिटर आहे. ताप, जुलाब, खाणं बंद, आणि अंगदुखीला दिवसातून तीनदा आयबुप्रोफेन. लिथियम नेहमीप्रमाणे चालूच. चौथ्या दिवशी कप धरताना चहा सांडतो, जीभ जड होते, चालताना तोल जातो. घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे. तपासणीत पातळी 1.8 निघते. 1.5 च्या वर विषबाधेची लक्षणं दिसू लागतात, आणि वयस्कर माणसांत त्याच्या खालीही.

लिथियमवर बारीक थरथर नेहमीची असते. हात ठळक हलू लागले, बोलणं अडखळलं, गुंगी आली, तर थेट हॉस्पिटल गाठावं. एरवी पातळीचं रक्त शेवटच्या डोसनंतर 12 तासांनी घेतात, पण अशा वेळी तेवढं थांबायचं नसतं. नुसते जुलाब-उलट्या असतील तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करावा. लिथियम काही काळ थांबवायचं का, हे तेच ठरवतील. त्याच वेळी किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन आणि सोडियमही तपासायला सांगतील.

ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते, ती लिथियमची पातळी अशी वाढवत नाही. पेनकिलर म्हणून कुणी दुसरी गोळी दिली, तर लिथियम चालू असल्याचं तिथेच सांगावं.

रिपोर्टमधला आकडा उतरला तरी मेंदूतलं लिथियम सावकाश उतरतं. त्या बाईंचा तोल आणखी काही दिवस जात राहू शकतो.