पिवळं लॉन, जमिनीलगत कापणी आणि डिसेंबरची सावली

"लॉन पिवळं आणि विरळ पडतंय? गवत एकदा अगदी जमिनीलगत कापा, रोज संध्याकाळी पाच मिनिटं पाणी मारा, मूठभर युरिया टाका. सावलीतलं लॉनसुद्धा पंधरा दिवसांत हिरवंगार!"

हा निरोप ताईने मला पाठवला तेव्हा तिने तो आधीच अमलात आणलेला होता. तिचं लॉन पुण्यात, बंगल्याच्या मागे, बारा फूट लांब आणि दहा फूट रुंद. गवत हरळीच्या जातीचं, नर्सरीवाले ज्याला 'सिलेक्शन नंबर 1' म्हणतात ते. पंधरा दिवसांनी तिथे खाली माती दिसायला लागली होती.

आधी कापणी. या गवताची हिरवी पाती वरच्या थरात असतात, खाली नुसते तपकिरी दांडे. दोन इंचांचं गवत एकदम अर्ध्या इंचावर आणलं की अन्न तयार करणारा भागच जातो, मुळांची वाढ थांबते आणि उघड्या दांड्यांवर ऊन बसतं. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये, हा माळीकामातला जुना हिशोब आहे. आता खरं सांगायचं, तर जमिनीलगत कापणी करतात, पण ती फेब्रुवारी संपताना, भर उन्हातल्या, जोमदार लॉनची. मेलेलं गवत निघून नवे कोंब यावेत म्हणून. आजारी गवतावर डिसेंबरात तसं करणं म्हणजे ताप आलेल्या माणसाला उपास घडवणं. ताईला मी सांगितलं, मशीन महिनाभर बाहेर काढूच नकोस. नंतर पातं दीड-दोन इंचांवर ठेव. सावलीत गवत जरा उंचच हवं, कारण मिळणारा थोडा उजेड पकडायला पानं लागतात.

पाण्याचं तिला पटेना, "रोज तर घालते गं!" मग मोजलं. पाइपखाली पंधरा लिटरची बादली दीड मिनिटात भरली, म्हणजे मिनिटाला दहा लिटर. पाच मिनिटांत पन्नास लिटर, आणि लॉन साधारण अकरा चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक लिटर म्हणजे एक मिलिमीटर पाणी, म्हणून रोज जेमतेम साडेचार मिलिमीटर. तासाभराने मातीत स्क्रूड्रायव्हर खुपसला तर इंचभर सहज गेला आणि अडला. मुळं ओल्या मातीतच राहतात. वरचा इंच ओला, तर मुळंही तिथेच. शिवाय संध्याकाळचं पाणी रात्रभर पात्यांवर राहतं आणि बुरशीला आयतं आमंत्रण मिळतं. आम्ही ठरवलं ते असं: सकाळी, एका वेळी पंधरा-सोळा मिनिटं, पण अर्ध्या तासाच्या अंतराने दोन हप्त्यांत, कारण काळी माती एकदम तेवढं पाणी पीत नाही, ते वाहून जातं. पुढचं पाणी तेव्हाच, जेव्हा स्क्रूड्रायव्हर चार इंचांपर्यंत सहज जाणार नाही. थंडीत ते आठवड्यातून एकदा पुरलं.

युरियाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चौरस मीटरला दहा ग्रॅमच्या आसपास पुरतो आणि तोही वाढीच्या दिवसांत, लगेच पाणी देऊन. मुठीने टाकला तर जिथे पडतो तिथे जळकट ठिपके. सावलीत तर त्याने लांब, लुळी पाती येतात. पिवळेपणा नव्या पानांत, शिरा हिरव्या ठेवून दिसत असेल, तर प्रश्न बहुधा लोहाचा असतो आणि युरिया त्यावर उपाय नाही.

खरी गोची मात्र सावलीत होती. लॉनच्या दक्षिणेला कुंपणभिंत आहे. शेजाऱ्यांनी ती गेल्या वर्षी वाढवून नऊ फूट केली. पुण्यात डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारीही सूर्य आकाशात निम्म्याच्या थोडा वर येतो, त्यामुळे भिंतीची सावली तेव्हासुद्धा आठ फूट पडते, सकाळ-संध्याकाळ त्याहून जास्त. दहा फुटांच्या लॉनला भर दुपारी ऊन राहिलं दोन फूट! या हरळीला सहा तास तरी थेट ऊन लागतं. निरोपातले पंधरा दिवस इथे काय करणार? मार्चच्या विषुवदिनाला तीच सावली तीन फुटांवर येते.

तसंच झालं. फेब्रुवारीच्या शेवटी भिंतीपासून दूरच्या भागात कोंब फुटले, एप्रिलपर्यंत तो भाग भरला. भिंतीलगतची तीन फुटांची पट्टी विरळच राहिली, कारण सप्टेंबर ते मार्च तिथे थेट ऊन पोहोचतच नाही. ताईने ती उकरली, शहाबादी फरशी बसवली आणि वर नेच्यांच्या कुंड्या मांडल्या.