फोटोतला गोल आणि अरबीत उलटलेला नंबर

नेमप्लेटच्या फोटोवरून सिरीयल नंबर "अंदाजाने" भरणाऱ्यांशी माझं कायम वाजतं आणि पुढंही वाजणार. शब्दात एखादं अक्षर चुकलं तरी वाचणारा समजून घेतो, नंबरात एक गोल चुकला की तो दुसऱ्याच मशीनचा नंबर होतो. आणि समोरच्याला कळतही नाही, कारण चुकलेला नंबरसुद्धा दिसायला एकदम बरोबरच दिसतो.

मी वाळूजला पंपाच्या कंपनीत सर्व्हिसचं काम बघते. आमचा बराच माल आखातात जातो, तिकडून तक्रारी व्हॉट्सअपवर यायलेत, सोबत नेमप्लेटचा फोटो, पत्र अरबीत. अरबी बघायला आमच्याकडं एक भाई आहेत, औरंगाबादचेच, लहानपणापासून अरबी शिकलेले. त्यांचा नियम पक्का: "ताई, गोल मी वाचत नसतो. तो शून्य का ओ ते प्लेट सांगेल, मी नाही." मला हा नियम शंभर टक्के पटतो.

आता प्लेट कशी सांगते ते बघा. आधी बघायचं की त्या जागेवर काय येऊ शकतं. बँकेचा आयएफएससी कोड घ्या, त्यात पाचवं अक्षर कायम शून्यच असतं, तिथं फोटोत कितीही ओसारखं दिसलं तरी शून्यच टाकायचं. गाडीच्या १७ अक्षरी चेसिस नंबरात तर आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरायचीच नाहीत असं ठरलेलंय, म्हणजे तिथं भांडणच मिटलं. पण आमच्या मॉडेल नंबरात असला नियम नाही. `HV40` हा चाळीस एमएम आउटलेटचा सिंगल स्टेज पंप आणि `HV4O` हा चार स्टेजचा, ओपन इम्पेलरवाला. ज्यांनी कुणी ही नावं ठेवली त्यांनी ओ हे अक्षर घ्यायलाच नको होतं असं माझं स्पष्ट मत आहे आणि मी ते मिटिंगमध्येपण बोललेय.

अशा वेळी त्याच फोटोत खात्रीचं शून्य शोधायचं. आमच्या सिरीयल नंबरात अक्षरं नसतातच, नुसते आकडे, मग त्यातलं शून्य हे नक्की शून्य. ते शेजारच्या गोलाशी ताडून बघायचं. छापील प्लेटवर बहुतेक करून शून्य अरुंद आणि उभट असतं, ओ रुंद असतो, दोन्ही जवळ असले की फरक लगेच दिसतो. पण प्लेटवर डॉट पंचिंग केलेलं असलं तर दोन्ही गोल ठिपक्या-ठिपक्यांचे आणि कित्येकदा हुबेहूब सारखे, मग डोळे फोडून उपयोग नाही. तिथं प्लेटवरची दुसरी माहिती बघायची, किलोवॅट किती लिहिलेत, हेड किती लिहिलंय, त्यावरून एक मॉडेल बाद होतं. तेही वाचता येत नसलं तर फोटो परत मागवायचा: फ्लॅश बंद, टॉर्च बाजूनं तिरपा धरा, अक्षरांच्या खाचेत खडू घासा, आणि फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणजे व्हॉट्सअप तो दाबत नाही. तोपर्यंत रजिस्टरला `HV4?` असंच लिहायचं. प्रश्नचिन्ह बघून कुणी तरी विचारतं, चुकीच्या शून्याला कुणी काही विचारत नाही.

हे झालं फोटोचं, अरबीत भानगड अजून वेगळी आहे. तिकडच्या हातानं लिहिलेल्या फॉर्ममध्ये शून्य म्हणजे नुसता ठिपका ٠ आणि पाच म्हणजे गोल ٥. आपला मराठी डोळा त्या पाचाला सरळ शून्य वाचतो! ठिपक्याचं तर अजून अवघड, फोटोत तो धुळीचा कण वाटतो नाहीतर गायबच होतो. २३०५ म्हणजे ٢٣٠٥ मधला ठिपका गेला की राहिले २३५. म्हणून आधी आकडे मोजायचे, आमचा नंबर आठ आकडी, सात भरले तर ठिपका हरवलाय. आणि कोड तिकडच्या आकड्यांत टाइप करूनच देऊ नये. कॉम्प्युटरच्या लेखी ते वेगळे कॅरॅक्टर आहेत, बऱ्याच सिस्टीममध्ये सर्च केलं तर काहीच सापडत नाही.

पण सगळ्यात जास्त फसवणारा प्रकार हायफनचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये सौदीतल्या एका डीलरचं पत्र आलं, अरबी ओळीच्या मधोमध नंबर होता, आकडे आपले नेहमीचे इंग्रजी, स्वच्छ छापलेले:

```
1908-2305
```

आमच्या नंबरात पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे दोन महिन्याचे, हायफननंतर त्या महिन्यातला क्रम. म्हणजे हा ऑगस्ट २०१९ चा पंप, दोन वर्षांची वॉरंटी कधीच संपली, क्लेम रिजेक्ट. सिस्टीममध्ये तसा पंप होताही. फक्त तो विकला होता नांदेडच्या डीलरला, आणि नांदेडचा पंप सौदीत कसा जाईल? तिथं शंका आली, प्लेटचा फोटो मागवला तर प्लेटवर `2305-1908`, मे २०२३ चा पंप, वॉरंटीत.

डीलरनं टाइप बरोबरच केलं होतं. अरबी उजवीकडून डावीकडं चालते, आणि अरबी अक्षरांच्या मागून आकडे आले की मधला हायफन त्यांना जोडून धरत नाही, मग दोन तुकडे आपापल्या जागी सुटे होतात, पहिला उजवीकडं आणि दुसरा त्याच्या डावीकडं. आतला आकडा तसाच राहतो, तुकड्यांची फक्त जागा बदलते, म्हणून ते खोटं वाटतच नाही. युनिकोडच्या नियमानं होतं हे, कुण्या सॉफ्टवेअरचा बिघाड नाही. हायफनच्या जागी तिरकी रेघ `/` असली तर असं होत नाही, तिला वेगळा नियम आहे.

यातून पुढं अजून मोठा घोळ होतो. कुणीतरी स्क्रीनवर उलटं दिसतंय म्हणून हातानं तुकडे बदलून टाकतं, आता दिसायला बरोबर आणि आत साठवलेला नंबर चुकीचा! तपासायचं असलं तर नंबर कॉपी करून रिकाम्या नोटपॅडमध्ये एकटाच पेस्ट करा, तिथं जो दिसेल तो खरा साठवलेला. कागदावर किंवा स्क्रीनशॉटमध्ये आला असला तर मात्र प्लेटच बघावी लागते.

आम्ही आता अरबी उत्तरात कोड वाक्यात घालतच नाही, एंटर मारून स्वतंत्र ओळीवर एकटा लिहितो. आधी अरबी अक्षर नसलं की तुकडे हलत नाहीत. वेबसाइटवरच्या फॉर्मसाठी आयटीवाल्यांकडून हे करून घेतलंय:

```
<bdi dir="ltr">2305-1908</bdi>
```

काहीजण कोडच्या आधी न दिसणारं दिशेचं चिन्ह टाकतात. छापायच्या पत्राला ते चालतं, पण व्हॉट्सअपवर मी टाकू देत नाही, कारण समोरचा कॉपी करताना ते चिन्हही सोबत उचलतो, सर्चमध्ये पेस्ट करतो, आणि नंबर बरोबर असूनही "रेकॉर्ड नाही" म्हणून येतं. मग तो बिचारा बसतो शून्याचा ओ करून बघत.

कोडमधली अक्षरं अरबीत लिहायची तर आम्ही बंदच केलीत. अरबीत प ला अक्षर नाही, पी आणि बी दोन्ही एकाच अक्षरात जातात, परत येताना कोणतं होतं ते कसं ओळखणार? भाई कोड जसाच्या तसा इंग्रजीत ठेवतात आणि खाली अरबीत एक ओळ जोडतात की शेवटचं चिन्ह हे सिफ्र म्हणजे शून्य आहे का ओ हे अक्षर आहे. डीलरकडचा माणूस प्लेटजवळ जाऊन बघतो आणि एका शब्दात उत्तर देतो.

तुमच्यापैकी कुणी आखातात माल पाठवत असाल, जालन्याचे बियाणेवाले असोत का आमच्यासारखे मशिनवाले, तर जुन्या रिजेक्ट झालेल्या क्लेमच्या फायली एकदा काढा आणि हायफनवाले नंबर तुकडे अदलाबदल करून सिस्टीममध्ये टाकून बघा. काय सापडलं ते कमेंटमध्ये जरूर सांगा.