८४.६ ला नापास, ८५.६ ला पास: ओईईच्या मेसेजमधली चूक

"ओईई काढायला इंजिनिअर लागत नाही. शिफ्टच्या लॉगशीटवरून मशीन किती टक्के चालू होतं, वेग किती टक्के आणि चांगला माल किती टक्के, एवढं घ्या आणि तिघांची सरासरी काढा. ८५ च्या वर पास. खाली आलं तर ऑपरेटर कामचुकार. वेग १०० च्या वर गेला तर शाबासकी द्या. रीवर्क करून बसला तो जॉब चांगलाच धरा."

नाशिकच्या अंबड-सातपूरच्या ग्रुपांवर हा मेसेज महिनाभर फिरतोय. ओईई म्हणजे कामाच्या वेळेपैकी मशीनचा किती टक्के वेळ चांगल्या मालाच्या कामी आला याचं माप. मी तीनदा वाचून सोडून दिला. चौथ्यांदा तो भाच्याकडून आला. तो अंबडला एका छोट्या कारखान्यात सीएनसी टर्निंगवर आहे. तिथल्या सुपरवायझरने हाच हिशोब करून कागद बोर्डावर लावला होता. पहिली शिफ्ट म्हणजे भाचा, ८४.६, नापास. दुसरी शिफ्ट ८५.६, पास. "मामा, माझे जॉब जास्त निघाले आणि नापास मीच कसा?" एवढंच त्याने विचारलं. लॉगशीटचा फोटो मागवला आणि रात्री बसून हिशोब मांडला.

शिफ्ट ८ तासांची, जेवणाची ३० मिनिटं वजा जाता ४५० मिनिटं कामाची. सेटिंगला ३५, चकचं हायड्रॉलिक प्रेशर पडलं त्यात ३० आणि माल यायची वाट बघण्यात २५, असे ९० मिनिटं मशीन उभं. चालू राहिलं ३६० मिनिटं, म्हणजे ८० टक्के. जॉबचा ठरलेला वेळ, लोडिंग-अनलोडिंग धरून, दीड मिनिट. निघाले १९० जॉब. दीड मिनिटाने त्यांना २८५ मिनिटं पुरायला हवी होती, लागली ३६०. वेग ७९.२ टक्के. १० जॉब स्क्रॅप, १८० चांगले, गुणवत्ता ९४.७ टक्के.

आता नीट बघा. हे ८० टक्के ४५० मिनिटांचे आहेत. ७९.२ टक्के मात्र उरलेल्या ३६० चे आहेत आणि ९४.७ टक्के त्यातूनही उरलेल्या २८५ चे. प्रत्येक टक्का आधीच्या गळतीनंतर जे शिल्लक राहिलं त्याचा आहे. ४५० चे ३६०, ३६० चे २८५, २८५ चे २७०. शेवटी ४५० पैकी २७० मिनिटंच चांगल्या मालाच्या कामी आली: ६० टक्के. हा आकडा गुणाकारानेच येतो. तिन्ही टक्के वेगवेगळ्या रकमांचे असताना त्यांची बेरीज करून तीनने भागणं म्हणजे पगार, त्यातली बचत आणि बचतीवरचं व्याज यांच्या टक्क्यांची सरासरी काढण्यासारखं आहे.

दुसऱ्या शिफ्टला माल उशिरा आला. मशीन १८० मिनिटं उभं, चालू २७० म्हणजे ६० टक्के. त्यात १७६ जॉब, वेग ९७.८. चांगले १७४, गुणवत्ता ९८.९. सरासरी ८५.६ येते. गुणाकार ५८ टक्के. सहा चांगले जॉब कमी देणारी शिफ्ट पास आणि जास्त देणारी नापास, हे सरासरीने केलं. दुसऱ्या शिफ्टच्या पोराचाही यात काही दोष नाही, माल वेळेवर आणणं त्याच्या हातात नव्हतं. पण तीन तास मशीन उभं राहिलं ही त्या दिवसाची सगळ्यात मोठी गळती होती आणि सरासरीने तिच्यावर पांघरूण घातलं. टोकाचं बघायचं तर शिफ्टभर मशीन न थांबता पूर्ण वेगाने चाललं आणि प्रत्येक जॉब स्क्रॅप निघाला, तरी सरासरी ६६.७ येते. विकायला एकही जॉब नाही आणि बोर्डावर ६६.७!

८५ बद्दल मेसेजवाल्याला अर्धा मुद्दा द्यावा लागेल. आकडा हवेतला नाही. टीपीएम या मशीन-देखभालीच्या पद्धतीची मांडणी करणारे जपानचे सेइची नाकाजिमा यांनी चांगल्या कारखान्यासाठी उपलब्धता, म्हणजे मशीन चालू राहण्याचं प्रमाण, ९०, वेग ९५, गुणवत्ता ९९ टक्के अशी पातळी सांगितली. त्यांचा गुणाकार ८४.६, म्हणून ८५. सरासरी काढली असती तर ९४.७ आली असती आणि आज सगळे ९५ म्हणत असते. म्हणजे ज्या ८५ चा हवाला देऊन सरासरी खपवली जाते, तो ८५ स्वतःच गुणाकारातून जन्मलेला आहे. भाच्याच्या सरासरीचा ८४.६ आणि नाकाजिमांचा ८४.६ दिसायला सारखे, पण भाच्याच्या शिफ्टचा त्या मापातला खरा आकडा ६० आहे. दिवसाला तीन-चार सेटिंग बदलणाऱ्या जॉबवर्कच्या मशीनला ही पातळी पास-नापासाची रेषा म्हणून लावणंही चूकच.

मला सगळ्यात जास्त राग आला तो 'कामचुकार' या शब्दाचा. भाच्याची वेगात ७५ मिनिटं गेली. कुठे गेली? कटिंगचा वेग कमी-जास्त करणारं फीड ओव्हरराइडचं बटण कितीवर होतं ते मी त्याला विचारलं. म्हणाला, ८० वर. जॉबच्या आतल्या भोकात, म्हणजे बोअरमध्ये, टूल थरथरून चॅटरच्या खुणा येत होत्या, फिनिश बसत नव्हती, म्हणून त्याने फीड उतरवला. दीड मिनिटापैकी साधारण ६० सेकंद प्रत्यक्ष कटिंग आहे. ८० टक्के फीडने त्याचे ७५ झाले. जॉबमागे १५ सेकंद, १९० जॉबला साडेसत्तेचाळीस मिनिटं. उरलेली साडेसत्तावीस चिप्स गुंतल्या की दार उघडून काढण्यात गेली. एकेक थांबा मिनिटभराचा, म्हणून लॉगशीटवर कुणी लिहीत नाही, आणि असे न लिहिलेले थांबे हिशोबात आपोआप वेगाच्या खात्यावर पडतात.

चॅटर का येत होता? बोअर कापणारा बोरिंग बार होल्डरच्या बाहेर व्यासाच्या सहापट काढलेला होता. साध्या स्टीलच्या बारला साधारण चौपट झेपतं. त्याच्याकडे आखूड बार नव्हता आणि जास्त लांबी झेपणारा कार्बाइडचा मागितला तर मिळाला नव्हता. दहाच्या दहा स्क्रॅप जॉबही याच बोअरमुळे गेले. एकाच बारने वेगही खाल्ला आणि गुणवत्ताही, आणि पोराने जमेल तितका माल वाचवला. त्याला कामचुकार म्हणण्याआधी कुणीतरी मशीनपाशी जाऊन ते बटण बघायला हवं होतं.

बाकी दोन मुद्दे झटपट. वेग १०० च्या वर गेला तर आधी ठरलेला वेळ तपासा. तो प्रोग्रॅम १०० टक्के ओव्हरराइडवर चालवून घड्याळाने घेतलेला असावा. ढिला वेळ धरला की वेग फुगतो. नाहीतर जॉबची मोजणी चुकलेली असते. रीवर्क करून बसलेला जॉब गिऱ्हाइकाला चालतो, मान्य. पण ओईईत पहिल्याच फेरीत बरोबर आलेला जॉबच चांगला, कारण दुसऱ्यांदा मशीनवर चढलेल्या जॉबने कुणाचा तरी वेळ खाल्लेला असतो.

सुपरवायझरच्या एक्सेलमध्ये शेवटच्या रकान्यात हे होतं:

```
=AVERAGE(B2:D2)
```

तिथे हे हवं, रकाने टक्क्यांच्या फॉरमॅटमध्ये असतील तर असंच, नुसते ८०, ७९.२ असे आकडे भरले असतील तर पुढे /10000 जोडून:

```
=PRODUCT(B2:D2)
```

आणि माझ्यावरही विश्वास ठेवू नका. चांगले जॉब गुणिले ठरलेला वेळ, भागिले कामाची मिनिटं, एवढं करून बघा: १८० × १.५ ÷ ४५०. गुणाकाराशी जुळलं नाही तर लॉगशीटमध्ये मिनिटं किंवा जॉब कुठेतरी चुकलेत. भाच्याने कालपासून लॉगशीटवर पेनाने एक रकाना वाढवलाय, ओव्हरराइड किती आणि का. पहिल्या ओळीत त्याने लिहिलंय: ८०, बार लांब.