गालातली करंटची कळ: दोन चांगल्या दाढा गमावल्यावर लिहितेय

"गालात करंट मारल्यासारखी कळ येते म्हणजे दाढच असते, काढून टाका, मोकळे व्हाल. डॉक्टर त्याला नस म्हणतात आणि फिटची गोळी चालू करतात, ती घेऊ नका, सवय लागते आणि डोकं मंद होतं. ऑपरेशन केलं तर तोंड वाकडं होतं. रोज रात्री नाकात कोमट तिळाच्या तेलाचे दोन थेंब सोडा, सात दिवसांत नस मोकळी. आमच्या घरचा अनुभव आहे, पुढे पाठवा."

हा मेसेज मला या महिन्यात तीन ग्रुपवर आला. पाठवणारे सगळे चांगल्या मनाने पाठवतात हे मला माहितीय, पण माझ्या आईच्या उजव्या बाजूच्या खालच्या दोन दाढा याच समजुतीपायी गेल्यात, त्यामुळे गप्प बसवत नाही. या आजाराचं नाव ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी एक नस दोन्ही बाजूंना असते, तिच्या तीन फांद्या, एक कपाळ-डोळ्याकडे, एक गाल आणि वरच्या दातांकडे, एक खालच्या जबड्याकडे. कळ बहुतेक वेळा खालच्या दोन फांद्यांत येते, आणि दात त्याच फांद्यांवर आहेत, म्हणून माणसाला खरंच वाटतं की दाढ दुखतेय.

आधी दाढेचंच घेते. आईला पहिली कळ आली ती दात घासताना, 58 वर्षांची होती तेव्हा. दोन-चार सेकंद, बस. पण ब्रश हातातून पडला आणि ती बेसिन धरून उभी राहिली. मग दिवसातून पाच, मग वीस. डेंटिस्टकडे गेलो, तिथे जुनं फिलिंग असलेली एक दाढ सापडली, एक्स-रेमध्ये फार काही नव्हतं तरी रूट कॅनल करू म्हणाले. आता इथे काय होतं बघा. त्यांनी सुन्न करायचं इंजेक्शन दिलं आणि कळा एकदम थांबल्या, सगळ्यांना वाटलं सापडलं दुखणं. पण ते इंजेक्शन त्याच नसेच्या फांदीला सुन्न करतं, दाढ दुखत असो की नस, दोन्ही वेळेला थांबणारच. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. दोन दिवसांनी कळा परत, मग ती दाढ काढली, मग तीन महिने अगदी छान गेले, मग परत, मग शेजारची दाढ.

फरक ओळखता येतो, आणि तो घरीसुद्धा बघता येतो. किडलेली किंवा पू झालेली दाढ ठणकते, तासन्तास ठणकते, रात्री झोपू देत नाही, गार पाणी लागलं की कळ येते आणि रेंगाळते, दाढेवर टकटक केलं तर दुखतं, पेनकिलरने थोडा तरी आराम पडतो. नसेची कळ सेकंदांची असते, फार तर दोन मिनिटं, आणि दोन कळांच्या मध्ये बहुतेक वेळा काहीच नसतं. ती दाढेला हात न लावतासुद्धा उठते, नाकपुडीच्या बाजूला पदर लागला, पंख्याचा वारा आला, तोंड धुतलं, बोलायला तोंड उघडलं, पुरुषांना दाढी करताना. साध्या पेनकिलरने काही होत नाही. रात्री झोपेत शक्यतो त्रास नसतो. एक अपवाद सांगायला हवा, दाढेला बारीक तडा असेल तर तीही चावताना क्षणभर करंटसारखी कळ देते, म्हणून डेंटिस्टने एकदा नीट बघणं आवश्यकच आहे, फक्त सापडलं काही नाही तर दाढ काढायची नाही. डोकेदुखीचं पण तसंच, अर्धशिशी तासन्तास चालते, मळमळ होते, उजेड नको वाटतो, यात तसलं काही नसतं. आणि कपाळात-डोळ्याजवळ कळ येताना डोळा लाल होऊन पाणी गळत असेल तर तो वेगळाच प्रकार असू शकतो, डॉक्टरांना आवर्जून सांगा.

शेवटी ज्या न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो त्यांनी आईला फक्त विचारलं, कुठे दुखतं दाखवा. आईने बोट गालाजवळ नेलं आणि दोन इंच अलीकडे हवेतच थांबवलं. दाढ दुखणारा माणूस गालाला तळवा दाबून बसतो, आणि ही हात लावायलाच घाबरत होती. डॉक्टर म्हणाले, झालं, मला कळलं. तरी एमआरआय करून घेतला, आणि तो करायलाच हवा, कारण कधीकधी मागे गाठ निघते किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदूतल्या नसांचं आवरण खराब करणारा आजार, असतो. वय चाळिशीच्या आत असेल, दोन्ही बाजूंना होत असेल, गाल बधिर वाटत असेल किंवा त्या बाजूने कमी ऐकू येत असेल तर एमआरआय अजिबात टाळू नका.

आता गोळीचं. कार्बामाझेपिन ही फिटसाठीची गोळी आहे हे खरंच आहे. पण ती इथे का देतात ते समजून घ्या. बहुतेकांच्यात मेंदूतून ही नस जिथे बाहेर पडते तिथे एखादी रक्तवाहिनी तिच्यावर टेकलेली असते, ठोके देऊन देऊन नसेवरचं आवरण झिजतं, वायरचं प्लास्टिक घासून जावं तसं, आणि मग गालावरचा साधा स्पर्श सुद्धा शॉर्टसर्किट होऊन कळ बनून जातो. ही गोळी नसेच्या त्या बेफाम फायरिंगला आवर घालते, फिटमध्ये मेंदूत तेच करते, म्हणून दोन्हीकडे चालते. 1960 च्या दशकापासून या दुखण्यावर वापरतात, आजही पहिली गोळी हीच. आईला 100 मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ सुरू केली, दर तीन-चार दिवसांनी थोडी वाढवत 600 पर्यंत नेली, आणि दुसऱ्या आठवड्यात ती भाकरी चावून खायला लागली, त्याआधी महिनाभर पेज आणि ताकावर होती.

तिची नशेसारखी सवय लागत नाही. लोकांना तसं वाटतं कारण तीन-चार आठवड्यांनी त्याच डोसचा असर कमी होतो. त्याचं कारण असं की ही गोळी लिव्हरला स्वतःलाच जास्त वेगाने संपवायला लावते, मग रक्तातलं प्रमाण उतरतं आणि डोस वाढवावा लागतो. हे डॉक्टरांना अपेक्षितच असतं. मात्र मनाने अचानक बंद करायची नाही, हळूहळू उतरवायची.

मेसेजमध्ये डोकं मंद होण्याचं जे लिहिलंय त्यात थोडं तथ्य आहे, ते लपवणार नाही. सुरुवातीला झोप येते, तोल जातो, डोस भराभर वाढवला तर जास्तच. आई चौथ्या महिन्यात विसरायला लागली, चहात मीठ घातलं, भिंत धरून चालायची. आम्हाला वाटलं वय झालं. रक्त तपासलं तर सोडियम 126 निघालं, 135 च्या वर हवं. डोस कमी केला, जोडीला बॅक्लोफेन नावाची दुसरी गोळी दिली, आठ-दहा दिवसांत आई पूर्ववत. म्हणून गोळी नको असं नाही, गोळीबरोबर सोडियम, रक्तपेशी आणि लिव्हरची तपासणी हवी, वयस्कर माणसाला तर हवीच, आणि बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर अजूनच. एकच गोष्ट तातडीची, सुरुवातीच्या आठवड्यांत अंगावर पुरळ, तोंडात फोड, ताप असं काही झालं तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं, ती रिअ‍ॅक्शन जिवावर बेतू शकते. आणि कुठल्याही दुखण्याला अँटिबायोटिक घेताना ही गोळी चालू आहे हे सांगा, क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या काहींनी तिचं रक्तातलं प्रमाण एकदम वाढतं.

ऑपरेशनचं भय मलाही होतं. चेहरा वाकडा होतो तो चेहऱ्याचे स्नायू हलवणाऱ्या सातव्या नसेमुळे, ही पाचवी नस, मुख्यतः संवेदनेची. सातवी जवळून जाते म्हणून धोका शून्य नाही, पण तो क्वचित. आईचा डोस तिसऱ्या वर्षी 1000 वर गेला, चालणं अवघड झालं, तेव्हा मायक्रोव्हॅस्क्युलर डिकम्प्रेशन करून घेतलं. कानामागे कवटीला छोटं भोक पाडतात, नसेवर टेकलेली रक्तवाहिनी हळूच बाजूला करतात आणि मध्ये टेफ्लॉनचा बारीक बोळा ठेवतात, नस कापत नाहीत. पिट्सबर्गचे सर्जन पीटर जॅनेटा यांच्या टीमने 1996 मध्ये हजारावर पेशंटचा हिशेब मांडला, त्यात दहा वर्षांनी साधारण 70 टक्के लोक गोळीशिवाय वेदनामुक्त होते. म्हणजे काहींना परत होतं, हेही लक्षात असू द्या. खरा सांभाळायचा धोका त्या बाजूच्या कानाचा, थोड्या लोकांना ऐकू कमी येतं. आईचा कान सहा आठवडे भरल्यासारखा होता, मग ठीक झाला.

ज्यांना हे मोठं ऑपरेशन झेपत नाही त्यांना गालातून सुई घालून नस थोडी जाळतात किंवा फुग्याने दाबतात, लगेच आराम पण गाल बधिर होतो. गामा नाइफ म्हणजे नसेवर नेमके किरण सोडणं, त्यात कापाकापी नाही पण गुण यायला आठवडे, कधी महिने लागतात. यातलं काय करायचं ते वय, एमआरआय आणि तब्येत बघून ठरतं.

राहिलं तेल. हा आजार मधूनच आपोआप थांबतो, आठवडे, महिने, कधी वर्षभरसुद्धा, आणि मग परत येतो, बहुधा पहिल्यापेक्षा जोरात. कळा असह्य होतात तेव्हाच माणूस उपाय शोधतो, आणि असह्य काळ संपायलाच आलेला असतो, म्हणून त्या वेळी जे केलं त्याचं नाव होतं, पहिली दाढ काढल्यावरचे तीन महिने तेच होते. दुसऱ्या दाढेनंतर काकूंच्या सांगण्यावरून आईने तेलही केलं. ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक कळेला पेन्सिलीची रेघ मारायची, तो कागद मी जपून ठेवलाय. एक तारखेच्या चौकोनात 31 रेघा आहेत, नऊला 11, बाराला 4. चौदा तारखेखाली तिच्या अक्षरात "आजपासून तेल" असं लिहिलंय. सतरापासून चौकोन रिकामे, आम्ही सगळ्यांना सांगत सुटलो. पुढच्याच्या पुढच्या महिन्याचं पान उलटलं की सहा तारखेला परत 19 रेघा, आणि तेल तोवर रोज रात्री चालूच होतं.