8 इंची केक आणि 34 माणसं

⭐⭐ "मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला 8 इंची केक घेतला, 30-35 जणांना आरामात होईल असं दुकानात सांगितलं. 14 पीसमध्येच केक संपला, सासरच्या मंडळींना मिळालाच नाही. चव छान पण फसवल्यासारखं वाटलं."

ताई, चूक आमचीच आहे, काउंटरवरच्या मुलाने तुम्हाला चुकीचं सांगितलं. पाहुण्यांसमोर तुमची पंचाईत झाली त्याचं खरंच वाईट वाटतंय. 8 इंचात 34 पीस बसतच नाहीत, कसाही कापला तरी.

आपण घरी केक मधून कापतो, पिझ्झासारखा. 8 इंची केकचा घेर साधारण 25 इंच भरतो, त्यामुळे 14 त्रिकोण केले की प्रत्येकाची कड पावणेदोन इंच येते, याहून बारीक करायला गेलं की टोक तुटतं आणि क्रीम डिशला चिकटून राहतं. म्हणजे तुमच्याकडे कापणाऱ्याने काही चुकीचं केलं नाही. तरी अजून थोडे पीस निघाले असते. कडेपासून 2 इंच आत सुरीने गोल कापून घ्यायचं, बाहेरच्या रिंगचे दीड-दीड इंचाचे 16 तुकडे होतात, मधे 4 इंचाचा छोटा केक उरतो त्याचे 4, असे 20. सुरी दर वेळी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या, नाहीतर फ्रेश क्रीमचा लगदा होतो. पण 20 च, त्याच्यावर नाही. आणि तुमचा केक 1 किलोचा होता, म्हणजे 20 केले तर पीस 50 ग्रॅमचा, जेवणानंतर चालतो पण नुसता केक-वेफर्सचा बेत असेल तर लोकांना कमीच वाटतो.

34 जणांसाठी आम्ही 10 इंची सुचवायला हवा होता आणि सोबत एक 6 इंची. 2 इंचच वाढले असं वाटतं पण 10 इंचीत 8 इंचीच्या दीडपटीहून जास्त केक असतो, त्याच रिंगच्या पद्धतीने बाहेर 20 आणि आत 8 असे 28 पीस निघतात, 6 इंचीचे सरळ त्रिकोण कापून 10, झाले 38. मोठा टेबलवर फोटोला ठेवायचा, छोटा फ्रिजमध्ये आणि किचनमध्येच कापून डिश बाहेर पाठवायच्या. एकच हवा असेल तर मग 12 इंची, पण तो घरच्या फ्रिजमध्ये बऱ्याचदा मावत नाही, म्हणून मी स्वतः दोन केकच सांगते. हो आणि इंच सारखे असले तरी उंची बघा, 8 इंची केक 1 किलोचाही होतो आणि उंच केला की दीड किलोचाही, पीस तेवढेच निघतात फक्त प्रत्येकाला जास्त मिळतो.

6 इंची केकचे पैसे न घेता तो तुमच्या घरी पाठवते, सासरची मंडळी कधी येणार तेवढं दुकानात कळवा. आणि ऑर्डरच्या वहीत आता किती किलो विचारायच्या आधी माणसं किती हा रकाना टाकलाय.