१ आणि ४ दोन्ही नसतील तेव्हा: स्कायस्क्रेपरबद्दलच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

> ताई, तुमचा लेख वाचून कोडं सोडवायला बसलो. "सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा आधी पकडा" म्हणता, पण माझ्या ४×४ च्या कोड्यात १ पण नाही अन् ४ पण नाही. नुसते २ आणि ३, अन् चार जागा कोऱ्या. शेवटी वरच्या डाव्या कोपऱ्यात अंदाजाने ३ टाकला, तर अर्ध्यात गाडी अडली. ही पद्धत फक्त सोप्या कोड्यांसाठी आहे, तसं सरळ लिहा ना.
> – एक वाचक, प्रतापनगर

भाऊ, कोडं सोबत पाठवलंत हे फार बरं केलंत, म्हणून त्यावरच बोलू. बाकीच्यांनाही दिसावं म्हणून इथे मांडते:

```
     ३  २  _  २
२    .  .  .  .    २
२    .  .  .  .    २
३    .  .  .  .    _
_    .  .  .  .    ३
     _  ३  २  २
```

नियम तेच. प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत १ ते ४ उंचीच्या इमारती एकेकदाच येतात. कडेचा आकडा म्हणजे तिथे उभं राहून ओळीत पाहिलं तर किती इमारती दिसतात. उंच इमारतीमागची ठेंगणी दिसत नाही.

आता ज्या कोऱ्या जागा तुम्ही सोडून दिल्या, त्यांच्याकडेच आधी बघा. वरच्या बाजूचं उदाहरण घ्या. पहिल्या आडव्या ओळीत ४ कुठेतरी असणारच. तो ज्या उभ्या ओळीच्या तोंडाशी असेल, तिथे वरून एकच इमारत दिसणार, म्हणजे आकडा १. बाकीच्या तीन उभ्या ओळींत तोंडाशी ४ पेक्षा ठेंगणी इमारत आहे आणि ४ मागे कुठेतरी आहे, म्हणून तिथे निदान दोन तरी दिसतात. याचा अर्थ, प्रत्येक बाजूला १ हा आकडा असतोच आणि एकदाच असतो, मग तो छापलेला असो वा नसो. तुमच्या कोड्यात चारही बाजूंना तीन-तीन आकडे छापलेत आणि त्यांत १ नाही. म्हणजे चारही कोऱ्या जागी १ आहे. कोडं रचणाऱ्याने मुद्दाम तेच झाकलंय.

मग पहिल्या ओळीच्या तिसऱ्या घरात ४. खालची कोरी जागा आणि डावीकडची कोरी जागा दोन्ही चौथ्या ओळीच्या पहिल्या घराकडे बोट दाखवतात, तिथे ४. उजवीकडच्या कोऱ्या जागेमुळे तिसऱ्या ओळीच्या शेवटच्या घरात ४. उरला दुसऱ्या ओळीतला. त्याला दुसरी उभी ओळच मोकळी राहते, म्हणून तो दुसऱ्या घरात. हा शेवटचा ४ आणखी एका वाटेने ताडून बघता येतो. दुसऱ्या उभ्या ओळीला वरून २ आणि खालून ३ आहेत, बेरीज ५, म्हणजे ओळीच्या लांबीपेक्षा एकाने जास्त. अशी बेरीज आली की सर्वात उंच इमारतीची जागा ठरूनच जाते: वरून जितका आकडा, तितकं घर. वरून दोन दिसायच्या तर ४ च्या वर निदान एक घर लागतं, खालून तीन दिसायच्या तर त्याच्या खाली निदान दोन. घरं एकूण चार, दुसरा पर्यायच नाही.

आता तुमच्या अंदाजातल्या ३ बद्दल. पहिल्या उभ्या ओळीवर ३ लिहिलाय. तोंडाशीच ३ उंचीची इमारत ठेवली तर तिच्यावरून डोकं काढणारी फक्त ४ ची, म्हणजे दिसणार दोनच. मोठ्या आकड्याचं काम हेच असतं, तो उंच इमारतींना कडेपासून मागे ढकलतो. ४×४ मध्ये ३ असेल तर पहिल्या घरात ३ किंवा ४ चालत नाही, दुसऱ्या घरात ४ चालत नाही. ५×५ मध्ये ४ असेल तर पहिल्या घरात जास्तीत जास्त २, दुसऱ्यात ३, तिसऱ्यात ४. "सगळ्यात मोठा आकडा" म्हणजे ओळीच्या लांबीइतकाच आकडा असं नाही. त्याच्या एक पायरी खालचाही तेवढाच कामाचा असतो, फक्त तो घर भरून देत नाही, नको ते आकडे खोडून देतो. पेन्सिलीने घराच्या कोपऱ्यात शक्य आकडे लिहायची सवय असेल तर हे खोडणं लगेच दिसतं.

चारही ४ बसल्यावर लहान आकडे बोलायला लागतात. तिसऱ्या उभ्या ओळीला खालून २ आहे आणि ४ अगदी वरच्या टोकाला आहे. मधल्या कुणीही दिसायला नको, म्हणून खालच्या घरात ३ च हवा. हा झाला चौथ्या ओळीच्या तिसऱ्या घरातला ३. पुढचा भाग मला या कोड्यात सर्वात आवडला. दुसऱ्या ओळीला उजवीकडून २ आहे आणि ४ दुसऱ्या घरात आहे, म्हणून तिचं चौथं घर तिसऱ्यापेक्षा उंच हवं. म्हणजे तिथे १ नाही. चौथ्या उभ्या ओळीला वरून २ आहे आणि ४ तिसऱ्या घरात आहे, म्हणून वरचं घर दुसऱ्यापेक्षा उंच हवं. म्हणजे त्याच दुसऱ्या ओळीच्या चौथ्या घरात ३ पण नाही. १ नाही, ३ नाही, ४ आधीच खाली बसलाय. उरला २. त्याच्या वर ३, आणि त्या उभ्या ओळीच्या तळाशी १.

तिथून सगळं सुटत जातं. चौथ्या ओळीत उरलेला २ दुसऱ्या घरात. दुसऱ्या उभ्या ओळीला खालून ३ हवेत, म्हणून त्या २ च्या वर ३, आणि सगळ्यात वर १. पहिल्या ओळीच्या कोपऱ्यात २. दुसऱ्या ओळीच्या तिसऱ्या घरात २ पेक्षा ठेंगणा म्हणजे १, पहिल्या घरात ३, आणि तिसऱ्या ओळीची उरलेली दोन घरं आपोआप भरतात:

```
२ १ ४ ३
३ ४ १ २
१ ३ २ ४
४ २ ३ १
```

यात एकदाही अंदाज लागला नाही. कडेचे काही आकडे तर वापरलेच नाहीत, ते आता पडताळणीला ठेवा. पडताळताना एक चूक फार होते. रविवारी धरमपेठेत आमच्याकडे मुलं कोडी सोडवायला बसतात, त्यांच्यातही मी बघते. २ ४ १ ३ अशी ओळ डावीकडून मोजताना बोट १ वरून ३ वर गेलं की "दिसली" म्हणतात, कारण ती शेजारच्या १ पेक्षा उंच आहे. तुलना शेजाऱ्याशी नाही, आतापर्यंतच्या सर्वात उंच इमारतीशी करायची. ४ आला की मोजणं तिथेच थांबलं. शेवटी एखादा आकडा नेमका एकाने जास्त येत असेल, तर आधी हेच तपासा.

तुमचं म्हणणं एका बाबतीत खरं आहे. एका बाजूला दोन-तीन जागा कोऱ्या असतील तर झाकलेला १ नेमका कुठे, ते लगेच कळत नाही, फक्त "या दोन घरांपैकी एकात सर्वात उंच इमारत" एवढंच हाती येतं. तेही टिपून ठेवा, कारण शेजारच्या बाजूचा मोठा आकडा बऱ्याचदा त्यातलं एक घर खोडतो. आणि ६×६ मध्ये मधले ३ ज्या ओळींवर असतात त्या अगदी शेवटी घ्या. त्या ३ मधून सुरुवातीला फार थोडंच निघतं, आणि लोक अंदाजाला लागतात ते बहुधा तिथेच.

तुमचं ५×५ अडेल तेव्हा तेही इथेच टाका, कोऱ्या जागांसकट.